भावंडांच्या चेहऱ्यांची अदलाबदल : आकारमान आणि वर्ण यांचा विचार

एकाच छायाचित्रात शेजारी उभ्या असलेल्या दोन भावंडांचे चेहरे परस्परांच्या डोक्यांवर बसवावयाचे, ही गोष्ट वरवर पाहता सोपी वाटते. छायाचित्र एकच, कॅमेरा एकच, प्रकाशही बहुधा एकच. शिवाय भावंडांच्या चेहऱ्यांत साम्य असतेच. तथापि प्रत्यक्ष काम हाती घेतल्यावर प्रथम एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : चेहऱ्याबरोबर काय जावयाचे आणि डोक्याकडे काय राहावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आधी ठरविले नाही, तर चेहरा डोक्यावर अडकविलेल्या सोंगासारखा दिसतो, किंवा दोघांचेही वर्ण मधल्याच कोणत्या तरी छटेवर येऊन थांबतात आणि घरातील माणसांनाही मुले ओळखू येत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे.

उदाहरणादाखल असे समजू, की पनवेलजवळील तळोजा येथे एका इमारतीच्या गच्चीवर दुपारी उघड्या आकाशाखाली छायाचित्र घेतले आहे. डावीकडे एकोणीस वर्षांची, सावळ्या वर्णाची बहीण. तिच्या कपाळावर टिकली आणि खांद्यावर पांढरी ओढणी. उजवीकडे सात वर्षांचा, उजळ वर्णाचा भाऊ. अंगात शाळेचा पांढरा सदरा. दोघेही कॅमेऱ्याकडे सरळ पाहत आहेत.

पहिले काम मोजमापाचे. चेहऱ्यावरील खुणेचे बिंदू, म्हणजे डोळ्यांचे कोपरे, भुवया, नाक, ओठ आणि जबड्याची कड, संगणक आपोआप शोधू शकतो. काझेमी आणि सुलिव्हन यांनी २०१४ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी फार वापरली जाते. प्रचारात असलेल्या संचात असे ६८ बिंदू असतात. आपल्या छायाचित्रात बहिणीच्या दोन बाहुल्यांमधील अंतर ९० पिक्सेल आणि डोळ्यांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचे अंतर १६८ पिक्सेल आहे, असे धरू. भावाची हीच अंतरे अनुक्रमे ७४ आणि १२४ पिक्सेल आहेत.

येथे पहिली अडचण लक्षात येते. लहान मुलाचा चेहरा हा मोठ्या माणसाच्या चेह‍ऱ्याची नुसती लहान प्रत नव्हे. बालवयात कवटी आणि डोळे पुष्कळसे वाढलेले असतात. जबडा आणि चेहऱ्याचा खालचा भाग मागाहून वाढतो. म्हणूनच बहिणीच्या बाबतीत हनुवटीचे अंतर बाहुल्यांमधील अंतराच्या १.८७ पट आहे, तर भावाच्या बाबतीत केवळ १.६८ पट. डोळे जुळविण्यासाठी बहिणीचा चेहरा ०.८२ पट केला, तर तिची हनुवटी भावाच्या हनुवटीखाली १४ पिक्सेल उतरते आणि गळ्यावर दिसू लागते. हनुवटी जुळविण्यासाठी तो ०.७४ पट केला, तर बाहुल्यांमधील अंतर ६६ पिक्सेलवर येते आणि भावाच्या रुंद डोक्यावर डोळे एकमेकांजवळ आल्यासारखे भासतात. अनुभव नसलेला मनुष्य अशा वेळी चेहरा उंचीला दाबून रुंदीला ताणतो. त्यामुळे मापे जुळतात. परंतु नाक बसके होते आणि ज्याच्यासाठी सारा खटाटोप केला ते बहिणीचे रूपच नाहीसे होते.

यातून सुटण्याचा मार्ग ताणण्यात नसून वगळण्यात आहे. सर्व बिंदूंतील एकंदर चूक कमीत कमी होईल असे एकच प्रमाण काढावे, आणि ते लांबी व रुंदी या दोहोंस सारखेच लावावे. आपल्या उदाहरणात हे प्रमाण ०.७८ धरू. बहिणीचे तोंड डोळ्यांच्या रेषेखाली १०१ पिक्सेलवर आहे, ०.७८ पट केल्यावर ते ७९ वर येते. भावाचे तोंड ७७ वर आहे. म्हणजे डोळे, नाक आणि तोंड यांत दोन ते चार पिक्सेलांचाच फरक उरतो. मोठी चूक उरते ती एकट्या हनुवटीत. तेव्हा हनुवटी नेऊच नये. भुवया, डोळे, नाक, ओठ आणि त्यांच्या लगतचे गाल एवढाच भाग चेहरा म्हणून न्यावा. जबडा, कान, कपाळाचा वरचा भाग आणि केस मूळ डोक्याकडे राहू द्यावेत. न्यावयाच्या भागाची कड खालच्या ओठाखाली आणि हनुवटीच्या वर ठेवावी. टिकलीही डोक्याकडेच राहावयास हवी. यासाठी भुवयांच्या मधोमध कड थोडी खाली वळवावी, नाही तर टिकली भावाच्या कपाळावर जाऊन बसते.

उलट दिशेने भावाचा चेहरा १.२८ पट मोठा करावा लागतो. मोठे केलेले चित्र किंचित मऊ पडते, तर लहान केलेले अधिक रेखीव होते. बहिणीच्या गळ्यावर कॅमेऱ्याने टिपलेले बारीक दाणे दिसतात आणि चेहरा मात्र गुळगुळीत, असे दिसले तर दोष येथे आहे असे समजावे. तेवढेच बारीक दाणे चेहऱ्यावर मिसळल्याने तो बहुतांशी झाकला जातो.

आता वर्णाकडे वळू. हा भाग अधिक नाजूक आहे. कारण आपल्याकडे छायाचित्रात मुलगी जरा उजळ करून देण्याची सवय जुनी आहे, आणि यंत्रावर काम सोपविले तरी ती सवय गुपचूप शिरू शकते. येथे नियम एकच : वर्ण डोक्याचा. ज्या डोक्यावर चेहरा बसवावयाचा, त्याचा गळा, कान आणि हात ज्या वर्णाचे, त्याच वर्णाचा चेहरा व्हावयास हवा. हा नियम दोन्ही दिशांनी सारख्याच काटेकोरपणे पाळावा.

परंतु त्याआधी दोघांतील फरक त्वचेचा आहे की प्रकाशाचा, हे ठरवावे लागते. भाऊ पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा असता, तर तो आहे त्याहून काळवंडलेला दिसला असता. एकाच छायाचित्रात काम करण्याचा मोठा लाभ येथे मिळतो. सदरा आणि ओढणी या दोन पांढऱ्या वस्तूंची उजळता तपासावी. डोळ्यांतील पांढरा भागही पाहावा. उजळतेचे माप ० ते १०० धरले असता ओढणी ९० आणि सदरा ८८ भरला, तर प्रकाश जवळजवळ सारखाच आहे, आणि गालांवर दिसणारा फरक त्वचेचाच आहे, असे मानण्यास आधार मिळतो.

राइनहार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये रंग एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर नेण्याची एक साधी रीत दिली. उजळता आणि रंगछटा यांची वेगवेगळी मापे घ्यावयाची, प्रत्येकाची सरासरी आणि विचलन काढावयाचे, आणि पहिल्याची मापे दुसऱ्याच्या मापांवर आणावयाची. आपल्या उदाहरणात बहिणीच्या गालांची सरासरी उजळता ४८ आणि विचलन ७ आहे. भावाची सरासरी ६२ आणि विचलन ९ आहे. भावाच्या चेहऱ्यावरील ७१ उजळतेचा बिंदू सरासरीहून ९ ने वर आहे. बहिणीच्या डोक्यावर तो सरासरीहून ७ ने वर, म्हणजे ५५ वर जावा. ही मापे केवळ गाल आणि कपाळ यांवरून घ्यावीत. डोळे, ओठ, भुवया आणि टिकली मोजणीत आल्यास सरासरी बिघडते.

हेच सूत्र सबंध चेहऱ्याला लावले की एक चमत्कारिक दोष उत्पन्न होतो. भावाच्या डोळ्यांतील पांढरा भाग ८२ उजळतेचा असेल, तर सूत्रानुसार तो सुमारे ६४ होतो आणि बहिणीच्या डोक्यावर डोळे मळकट, आजारी दिसतात. बहिणीच्या डोळ्यांतील ८० चा पांढरा भाग उलट १०३ होऊ पाहतो. मर्यादा १०० चीच असल्याने तेथे सपाट पांढरा डाग पडतो. कारण उघड आहे : त्वचेतील फरकाचे सूत्र आपण त्वचा नसलेल्या भागास लावले. प्रकाश सारखाच असल्याचे आपण आधीच पाहिले आहे. म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात यांना मुळीच हात लावू नये. असे फिकट किंवा काळवंडलेले डोळे दिसले, तर वर्णबदल डोळ्यांवरूनही फिरला आहे, हे निश्चित समजावे.

अखेरचे काम सांधा बुजविण्याचे. पेरेझ, गांगने आणि ब्लेक यांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत चेहऱ्यातील शेजारच्या बिंदूंमधील फरक जपते आणि कडेवरील रंग मात्र नव्या डोक्याच्या रंगाशी जुळवून घेते. ओपनसीव्ही या संगणकीय ग्रंथालयात ती `seamlessClone` या नावाने मिळते. पुष्कळ जण मधली वर्णजुळणी गाळून सर्व भार हिच्यावरच टाकतात. ते योग्य नव्हे. ही पद्धत कडेवरील तफावत चेहऱ्यात आतपर्यंत पसरविते, म्हणजे ढोबळ मानाने सगळीकडे सारखीच बेरीज किंवा वजाबाकी करते. भावाच्या चेहऱ्यातून सर्वत्र १४ वजा झाले, तर २० उजळतेची भुवई ६ वर येऊन काजळासारखी काळी होते, आणि डोळ्यांचा पांढरा भागही आपण राखलेला असताना पुन्हा मळतो. वर्ण आधी जुळविलेला असला, तर कडेवर तफावत थोडीच उरते आणि या पद्धतीस थोडेच काम करावे लागते. कड केसांवरून जाऊ देऊ नये. तसे झाल्यास केसांचा काळेपणा गालात झिरपल्यासारखा दिसतो.

दोन्ही चेहरे मूळ, अस्पर्श प्रतीतूनच उचलावेत, हेही येथे सांगावयास हवे. एक चेहरा बसविल्यानंतर त्याच चित्रातून दुसरा उचलला, तर दोन्ही डोक्यांवर एकच चेहरा येतो.

परीक्षा करताना चेहऱ्याकडे पाहून चालत नाही. ओळखीचा चेहरा दिसला की दृष्टी समाधान मानते. चित्र उलटे करून जबड्याखालील गळा आणि कान पाहावेत. नंतर रंग काढून केवळ उजळता पाहावी. वर्णातील चूक तेथे लगेच उघडी पडते. मान बरीच वळलेली असेल, किंवा केसांची बट डोळ्यावर आली असेल, तर वर सांगितलेली सपाट मांडणी अपुरी पडते. अशा वेळी दुसरे छायाचित्र घेणेच श्रेयस्कर.

या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल : नाकडोळ्यांची ठेवण चेहऱ्याबरोबर जाते, आकारमान, हनुवटी आणि वर्ण डोक्याकडे राहतात, आणि डोळ्यांचा पांढरा भाग या दोहोंचाही नव्हे, तो प्रकाशाचा असतो. ही वाटणी पाळली असता बहीण सावळीच राहते, भाऊ लहानच राहतो, आणि तरीही पाहणाऱ्यास दोघांच्या जागा बदलल्याचे स्पष्ट कळते. दोघांच्या रंगांची सरासरी काढणे सोपे आहे खरे. पण त्या सरासरीत दोघांपैकी कोणीच उरत नाही.