नाडी सैल झालेला बटवा

माझी भाची 34 आठवड्यांची गरोदर असताना माहेरी आली होती. रात्री साडेनऊला आमटी-भात आणि आग्रहाची चार भजी झाली, दहाला ती आडवी झाली आणि साडेअकराला उठून बसली. छातीच्या मधोमध, फासळ्या जिथे जुळतात तिथून गळ्यापर्यंत आग चढत होती आणि तोंडात आंबट पाणी येत होतं. ताईचं निदान तयार होतं : "पित्त वाढलंय तुझं, थंड दूध घे." आजीला मात्र आनंद झाला. "जळजळ होतेय ना? मग बाळाला जावळ दाट येणार बघ!"

पित्त वाढलंय हे ताईचं म्हणणं बहुतेक घरांत ऐकू येतं. पण गरोदरपणात जठरातलं आम्ल काही वाढत नाही. ते असतं तेवढंच असतं, फक्त जिथे असू नये तिथे जाऊन पोचतं. म्हणून या जळजळीचं कारण आम्लात शोधण्यापेक्षा ते अडवून धरणाऱ्या झडपेत शोधावं लागतं.

ही झडप म्हणजे दारासारखी फळी नव्हे. अन्ननलिका जठराला मिळते तिथला तीनेक सेंटिमीटरचा भाग स्नायूंनी आवळलेला असतो, बटव्याच्या तोंडाला नाडी असते तसा. घास आला की नाडी सैल होते, घास आत गेला की पुन्हा आवळते. जठराच्या आतलं अस्तर आम्ल सोसायला बनलेलं असतं, अन्ननलिकेचं तसं नसतं. त्यामुळे नाडी जरा ढिली राहिली आणि थोडंसं आम्ल वर सरकलं, तरी आग होते.

गरोदरपणात ही नाडी ढिली करतं ते प्रोजेस्टेरॉन. या संप्रेरकाचं मुख्य काम गर्भाशयाला शांत ठेवण्याचं. गर्भाशयाचा स्नायू वेळेआधी आकुंचन पावू लागला तर गर्भ टिकणार नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन त्याला सैल ठेवतं. आधी बीजकोषातून आणि सुरुवातीच्या दोन-अडीच महिन्यांनंतर वारेतून ते तयार होतं, आणि वार वाढेल तसं तेही वाढत जातं. पण रक्तातून फिरणाऱ्या संप्रेरकाला फक्त गर्भाशयापुरतं थांबता येत नाही. आपल्या इच्छेशिवाय चालणारे त्याच जातीचे स्नायू आतड्यातही असतात आणि अन्ननलिकेच्या झडपेतही. आतडं सैलावलं की बद्धकोष्ठ होतं, झडप सैलावली की जळजळ.

दुसरीकडे गर्भाशय वर चढत असतं. एरवी मुठीएवढं आणि साठ-सत्तर ग्रॅमचं असलेलं हे गर्भाशय विसाव्या आठवड्याला बेंबीशी पोचतं आणि 36व्या आठवड्याच्या सुमाराला त्याचा माथा छातीच्या हाडाच्या टोकाला टेकतो. तोवर ते स्वतःच किलोभराचं झालेलं असतं. बाळ, वार आणि गर्भजल वेगळंच. जठराला वर ढकललं जाण्यावाचून आणि चेपलं जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मग खरा दोषी कोण, सैल नाडी की खालून येणारा दाब? 1970च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या झडपेचा दाब नळी घालून ठराविक आठवड्यांना मोजला. तो महिन्यागणिक उतरत गेला, 36व्या आठवड्याला सर्वात कमी भरला आणि बाळंतपणानंतर पूर्ववत झाला. त्याच काळात संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्येही झडप ढिली पडलेली दिसली. तिथे तर पोटात वाढणारं गर्भाशय नव्हतंच.

याहून बोलकं निरीक्षण नंतर पुरुषांवर झालं. जलोदराने पोट तट्ट फुगलेल्या पुरुषांची झडप ढिली असेल असं वाटावं, पण ती उलट अधिक आवळलेली निघाली. पोटातलं पाणी काढल्यावर तिचा दाबही खाली आला. म्हणजे निरोगी झडप खालून दाब आला की स्वतःला घट्ट करून घेते. गरोदरपणात दाब येतो, पण प्रोजेस्टेरॉनने सैलावलेल्या झडपेला त्याला तितकं जोरकस उत्तर देता येत नाही. आधी बटव्याची नाडी सुटते आणि मग कोणीतरी बटवा खालून दाबतं. नाडी सर्वात सैल आणि दाब जवळपास सर्वात जास्त, ही वेळ 36व्या आठवड्याच्या आसपास येते. म्हणूनच शेवटच्या तिमाहीत ही तक्रार एवढी सर्रास असते.

हे कळलं की त्या रात्रीचा हिशेबही लागतो. भरल्या पोटी अर्ध्या तासात आडवं झाल्याने आम्ल झडपेच्या पातळीला आलं. तेलकट खाण्याने झडप आणखी सैलावते. शिवाय भाची उजव्या कुशीवर झोपली होती. अन्ननलिका जठराला अशा ठिकाणी मिळते, की उजव्या कुशीवर ते तोंड आम्लाखाली येतं आणि डाव्या कुशीवर आम्लाच्या वर राहतं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं जेवण साडेसातला आणि थोडं कमी झालं. उरलेली भूक दिवसभरात दोन-दोन घास खाऊन भागू लागली. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच केली. नुसत्या उशा रचल्या तर माणूस पोटात दुमडतो आणि दाब वाढतो, म्हणून विटा. झोप डाव्या कुशीवर. थंड दुधाने घटकाभर बरं वाटायचं, पण तो उतारा तात्पुरताच. खायचा सोडा मात्र तिच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितला. त्याने शरीरात सोडियम वाढतं, आणि त्याचा वायू ढेकर होऊन वर येताना झडप पुन्हा उघडतोच. त्याऐवजी त्यांनी दिलेलं आम्लनाशक औषध ती घेऊ लागली, लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवून. दोन्ही एकत्र घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही.

एक दुखणं मात्र जळजळ समजून अंगावर काढू नये. पाचव्या महिन्यानंतर फासळ्यांखाली, विशेषतः उजवीकडे, सतत दुखत असेल आणि जोडीला डोकं ठणकणं, डोळ्यांसमोर काजवे चमकणं किंवा तोंडा-हातांवर एकाएकी सूज असेल, तर त्याचा संबंध जेवणाशी किंवा कुशीशी नसतो. तो वाढलेल्या रक्तदाबाचा, यकृताला त्रास देणारा विकार असू शकतो. अशा वेळी औषधाचा घोट घेऊन सकाळची वाट बघू नये, त्याच रात्री रक्तदाब मोजून घ्यावा. 140/90 किंवा त्याहून वर आकडा असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

पहिलटकरणीला 36व्या आठवड्यानंतर थोडा दिलासा मिळतो. बाळाचं डोकं ओटीपोटात शिरतं, पोट 'उतरतं' आणि जठराला जागा होते. पुरी सुटका वार पडल्यावर. प्रोजेस्टेरॉनचा कारखानाच बंद होतो आणि झडप पुन्हा आवळू लागते.

राहता राहिलं आजीचं जावळ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ही समजूत खोडून काढण्याच्या तयारीने 64 गरोदर स्त्रियांची पाहणी केली, 2006 साली ती प्रसिद्ध झाली, आणि त्यांनाच चकित व्हावं लागलं. मध्यम ते तीव्र जळजळ झालेल्या 28 जणींपैकी 23 जणींच्या बाळांना सरासरीइतके किंवा त्याहून जास्त केस होते. झडप सैल करणारी संप्रेरकंच गर्भाच्या केसांवरही परिणाम करत असावीत, असा त्यांचा तर्क आहे. आजीला हे सांगितलं तेव्हा ती नुसती हसली. बारशाला मात्र नातीचं डोकं बघून तिने हळूच कुंची पुढे ओढली. आमची भाची उरलेल्या पाचांतली निघाली होती.