पहिले पाच किलोमीटर: तीन अलार्म पळायचे, तीन थांबायचे

आजचा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी हे त्याचं लिखित रूप.

माझा मावसभाऊ नाशिकला असतो. वय 24, दिवसभर खुर्चीत बसून काम. ऑफिसमधल्या मित्रांनी पाच किलोमीटरच्या रनला नाव नोंदवलं, म्हणून यानेही नोंदवलं आणि मला फोन केला, "दादा, तीन महिने आहेत. काय करू?" मी त्याला एक जुना, साधा प्लॅन सांगितला आणि फोनमध्ये आठवड्याचे सहा अलार्म लावायला लावले. तीन पळायच्या दिवसांचे, तीन विश्रांतीच्या दिवसांचे. त्याने दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी विश्रांतीचे तिन्ही अलार्म डिलीट केले. मग काय झालं ते सांगतो, पण आधी प्लॅन.

हा प्लॅन म्हणजे 'काउच टू फाइव्ह के'. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने 1996 मध्ये तो बनवला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीनच दिवस. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं झपझप चालायचं. मग पहिल्या आठवड्यात 60 सेकंद हळू पळायचं, 90 सेकंद चालायचं, असं आठ वेळा. म्हणजे वीस मिनिटांत पळणं फक्त आठ मिनिटं! तिसऱ्या आठवड्यात दीड मिनिट पळा, दीड मिनिट चाला, तीन मिनिटं पळा, तीन मिनिटं चाला, आणि हेच पुन्हा एकदा. पाचव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्यांदाच न थांबता वीस मिनिटं. नवव्या आठवड्यात सलग तीस.

वेग किती? पळता पळता फोनवर एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागत असेल तर वेग कमी करा. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण इथेच चुकतात. साठच सेकंद आहेत म्हणून बस पकडायला धावल्यासारखे धावतात.

आता भावाकडे येऊ. त्याचे दिवस होते मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिसऱ्या आठवड्यात त्याला एकदम मस्त वाटायला लागलं. धाप लागेना. मग त्याने मंगळ, बुध, गुरू, शुक्र असं चार दिवस सलग पळून घेतलं. शनिवारी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि नडगीतून कळ आली.

असं का झालं? कारण आपलं शरीर सगळीकडे एकाच वेगाने तयार होत नाही. पळायला सुरुवात केली की एक-दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि दम टिकायला लागतो. हाडाचं तसं नाही. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड थोडं कुरतडून काढतं आणि मग नवं, जास्त मजबूत हाड भरतं. काढायचं काम लवकर होतं, भरायला कित्येक आठवडे लागतात. मधल्या काळात तो भाग थोडा कच्चाच असतो, रस्ता खोदून ठेवलाय आणि डांबर अजून पडायचंय तसा. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते "पळ", आणि नडगी अजून तयार नसते. छातीचं आपल्याला ऐकू येतं. नडगीचं दुखेपर्यंत ऐकू येत नाही, आणि तेवढ्यासाठीच ते विश्रांतीचे अलार्म.

ते कसे लावायचे? फोनच्या घड्याळात अलार्म लावताना वार निवडता येतात आणि नावही देता येतं. पळायचे तीन अलार्म मंगळ, गुरू, शनि सकाळी सहाचे. नावात "पळ" एवढंच लिहू नका, त्या दिवसाचं काम लिहा: "5 चाल, मग 60-90 आठ वेळा". झोपेत डोकं चालत नाही, वाचून उठता तरी येतं.

विश्रांतीचे तीन अलार्म बुध, शुक्र, रवि संध्याकाळी साडेसातचे. सकाळी नकोत, कारण ही तपासणी आहे आणि दिवसभर वावरल्यावर पाय खरं बोलतात. नाव द्या: "आज नाही. नडगी दाब, जिना उतर". अंगठ्याने नडगीची आतली कड गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत दाबत जायची. मग एक मजला जिना उतरायचा. दोन मिनिटांचं काम. सोमवार मोकळा.

आता उत्तर कसं वाचायचं? मांडी, पोटरी दोन्ही पायांत जड वाटतेय आणि थोडं चाललं की बरं वाटतं, तर ते स्नायूंचं साधं दुखणं. काही दिवसांत जातं, उद्या पळा. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटांच्या पट्ट्यात दुखतंय, तर उद्याचा अलार्म बंद, आणि दाबल्यावर दुखायचं थांबेपर्यंत पळणं नाही. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, किंवा रात्री नुसतं पडल्या पडल्या ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे अंदाज करत बसू नका, हाडाच्या डॉक्टरांकडे जा. आणि पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि दाखवून घ्या.

भावाचं दुखणं पट्ट्यातलं होतं. दहा दिवस त्याने फक्त सपाटीवर चालणं आणि सायकल एवढंच केलं. नडगी दाबून दुखेना, तेव्हा परत सुरू केलं, पण तिसऱ्या नाही, दुसऱ्या आठवड्यापासून. अलार्म सहाच्या सहा परत लावले.

एखादा दिवस चुकला तर? मंगळवारचा बुधवारी केला, तर गुरुवारचा शुक्रवारी ढकला आणि शनिवारचा रविवारी. मध्ये एक दिवस रिकामा राहत नसेल तर चुकलेला दिवस सोडून द्या. तो भरून काढायला दोन दिवस सलग पळू नका. आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा.

शेवटची गोष्ट, जी बऱ्याच जणांना नवव्या आठवड्यातच कळते. सलग तीस मिनिटं म्हणजे पाच किलोमीटर नव्हे! किलोमीटरला आठ मिनिटं लागत असतील, तर तीस मिनिटांत पावणेचारच होतात. पाचला चाळीस लागतात. म्हणून पुढचे तीन शनिवार 33, 36 आणि 40 मिनिटं करा, मंगळ-गुरू तीसच ठेवा. 400 मीटरच्या ट्रॅकवर पळत असाल तर साडेबारा फेऱ्या मोजा.

दहा दिवस आणि एक आठवडा मागे गेल्यामुळे भावाची ती ऑफिसची रन हुकली. महिनाभराने त्याच मैदानावर त्याने एकट्याने साडेबारा फेऱ्या पूर्ण केल्या, 41 मिनिटांत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी साडेसातला त्याचा मेसेज आला: "दाबली. दुखत नाही. जिना उतरतोय."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर आज कोणता वार आहे बघा, आणि त्याप्रमाणे अलार्म लावा.