बुधवारची यादी

सकाळी साडेसहा. मोशीत आमच्या खिडकीखालून चाकणला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस एकामागून एक निघतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डब्यात माझी चटणी असते. तरी या वेळी मी कुणालाही मेसेज करत नाही. पहिल्या पाळीवाला घाईत असतो आणि रात्रपाळीवाला नुकताच आडवा झालेला असतो.

नऊ वाजता कॅटलॉग उघडते. हे काम सकाळीच उरकलेलं बरं, कारण नवीन वस्तू टाकली की व्हॉट्सअ‍ॅप ती आधी तपासतं आणि मगच लोकांना दिसते. संध्याकाळी घाईत टाकली की गिऱ्हाइकाला ती सापडतच नाही. या आठवड्यात कारळं मिळालं नाही, म्हणून ती चटणी लपवून ठेवली. काढून टाकली नाही, नाहीतर फोटो आणि मजकूर पुन्हा भरायला लागतो. भाजणीच्या नावातच वजन लिहिलंय, ‘थालीपीठ भाजणी, अर्धा किलो’. किंमत १८० रुपये. खाली धान्यांची नावं, किती दिवस टिकते, कुठून न्यायची आणि अन्न परवान्याचा नोंदणी क्रमांक. फोटो एकच, खिडकीच्या उजेडात स्टीलच्या ताटलीवरचा. किंमत न लिहिता ‘मेसेज करा’ लिहिलं की दिवसभर ‘काकू, रेट काय?’ एवढंच येत राहतं, आणि विचारणाऱ्यालाही संकोच वाटतो.

अकरा ते दोन स्वयंपाकघर. फोन बाजूला.

साडेचार. पहिली पाळी सुटलेली, शाळेची मुलं घरी आलेली. आठवड्यातला एकमेव मेसेज आता जातो. ‘नमस्कार. शनिवारी भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी मिळेल. ऑर्डर आज रात्री नऊपर्यंत. ही यादी नको असेल तर “नको” एवढंच लिहा.’ खाली भाजणीची कॅटलॉगमधली लिंक. फोटोंची माळ नाही, शुभेच्छांची चित्रं नाहीत.

हा मेसेज ब्रॉडकास्ट लिस्टवर जातो, ग्रुपवर नाही. सुरुवातीला मी ग्रुप केला होता. एकीने ‘दोन पाकिटं’ लिहिलं की चाळीस फोन वाजायचे आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसायचे. ब्रॉडकास्टमध्ये प्रत्येकाला मेसेज एकट्याला येतो आणि उत्तर फक्त मला. एका लिस्टमध्ये २५६ नावं बसतात. अट एकच, समोरच्याने माझा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह केलेला हवा, नाहीतर मेसेज पोचतच नाही.

पुष्कळांना ही अट अडचण वाटते. मला ती परवानगी वाटते. पूर्वी मी फोनमधली सगळी नावं लिस्टमध्ये घातली होती, मुलाच्या वर्गातल्या पालकांसकट. हळदीकुंकवाला एक वहिनी म्हणाल्या, ‘तुमचे मेसेज येतात हो, रोज.’ त्यांनी नंतर मला ब्लॉक केलं. बऱ्याच जणांनी असं ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं, तर नंबरच बंद होऊ शकतो. आता पाकिटावर चिठ्ठी असते, ‘दर बुधवारची यादी हवी असेल तर हा नंबर सेव्ह करा आणि “हो” लिहून पाठवा.’ ‘हो’ आलं तरच नाव लिस्टमध्ये जातं.

साडेसहा. पाठवलेला मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडते. कुणाला पोचला, कुणी वाचला, दोन्ही नावानिशी दिसतं. एखाद्या बुधवारी पोचला नाही तर फोन बंद असेल. सलग तीन बुधवार पोचला नाही, तर नंबर सेव्ह नाही किंवा मी ब्लॉक आहे असं धरते आणि नाव काढते. त्या माणसाला वेगळा मेसेज करून ‘सेव्ह करा ना’ म्हणत नाही. वाचून उत्तर न देणाऱ्यालाही आठवण करत नाही. आज एक ‘नको’ आलं. ‘बरं ताई, काढलं नाव,’ असं लिहिलं आणि लगेच काढलं.

नऊ वाजता ऑर्डर बंद. प्रत्येक चॅटला लेबल लावते, पैसे यायचे असतील तर वेगळं. उद्या गुरुवार. महावितरणची दुरुस्ती निघाली की गिरणी बंद, म्हणून उद्या फक्त भाजायचं. दळण शुक्रवारी, पाकिटं शनिवारी.

मागच्या महिन्यात लिस्टमध्ये ११८ नावं होती. न पोचणारी २५ काढली, ९३ उरली. आज भाजणीच्या २३ पाकिटांची ऑर्डर आहे. ११८ नावं होती तेव्हाही एवढीच यायची.