खोकल्यातून रक्त पडलं, पण आलं कुठून?

पेशंट सांगतो, ‘रक्त पडलं.’ आम्ही आधी विचारतो, खोकताना की उलटीत? फुफ्फुसातलं रक्त बहुधा लाल, फेसाळ, बेडक्यात मिसळलेलं असतं. पोटातलं बहुधा काळपट असतं, त्यात अन्नाचे कण दिसतात. नाकातलं रक्त घशात उतरून थुंकीत येऊ शकतं, म्हणून नाक, हिरड्या, घसा टॉर्चने बघतोच.

आता समजा, 45 वर्षांचा माणूस आहे. 3 वर्षांपूर्वी टीबीचा कोर्स पूर्ण झालाय. काल दोन चमचे रक्त पडलं. घरचे म्हणतात, टीबी उलटला. तसं असेलही. पण बरा झालेला टीबी फुफ्फुसात पोकळी किंवा रुंदावलेल्या श्वासनलिका मागे ठेवू शकतो. पोकळीत बुरशीचा गोळाही वाढतो. रक्त तिथूनही येतं. म्हणून लगेच टीबीच्या गोळ्या सुरू करत नाही. छातीचा एक्स-रे काढतो, बेडका सीबीनॅटला पाठवतो. सीबीनॅट मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते, म्हणून सोबत कल्चर लावतो. त्यात जिवंत जंतूच वाढतात. एक्स-रेतला डाग जुना असू शकतो, त्यामुळे पुढे सीटी स्कॅन. तरी जागा कळली नाही, तर दुर्बिणीने श्वासनलिका बघतात.

पण कपभर रक्त पडलं किंवा धाप लागली, तर क्लिनिकमध्ये थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल. इथे जीव बहुधा रक्त कमी झाल्याने नाही, तर श्वासनलिकेत रक्त भरून गुदमरल्याने जातो. बाजू माहीत असेल तर नेताना ती खाली ठेवून कुशीवर झोपवायचं, म्हणजे चांगलं फुफ्फुस मोकळं राहतं.