वाहन विकत घ्यावे की भाड्याने? : एका रोपवाटिकेचा हिशेब

ग्रामीण भागातील एखादा छोटा व्यवसाय वाढू लागला, की लवकरच वाहनाचा प्रश्न उभा राहतो. दर खेपेला भाड्याचा टेम्पो बोलवावा लागतो आणि महिनाअखेरीस भाड्याची रक्कम डोळ्यांत भरते. त्याच वेळी बँकेचा मासिक हप्ता मात्र लहान दिसतो. ‘एवढ्या भाड्यात स्वतःची गाडी झाली असती,’ हा विचार मग स्वाभाविकपणे येतो. परंतु हप्ता आणि भाडे यांची ही तुलना फसवी असते. भाड्यात चालक, डिझेल, विमा, दुरुस्ती आणि गाडीची झीज या सर्वांचा समावेश असतो. हप्त्यात यांपैकी काहीही नसते. ही तुलना योग्य प्रकारे कशी करावी, हे एका उदाहरणावरून पाहू.

खेपांची नोंद

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात टोमॅटो, कोबी व मिरचीची रोपे तयार करणारी एक रोपवाटिका आहे, असे समजू. रोपे प्लास्टिकच्या ट्रेमधून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवावी लागतात. जाऊन येऊन सरासरी १२० किलोमीटरची एक खेप होते आणि एका दिवसात एकच खेप शक्य असते. चालक व डिझेलसह भाडे खेपेला ३,२०० रुपये पडते.

मालकाने वर्षभर वहीत नोंद ठेवली, तेव्हा एकूण १५६ खेपा झाल्याचे आढळले. त्यांपैकी जूनमध्ये २४, जुलैमध्ये २६ व ऑगस्टमध्ये २० होत्या. मार्च, एप्रिल व मे हे तीन महिने मिळून मात्र केवळ १६ खेपा झाल्या. निर्णयाचा खरा आधार ही वही होय. तिच्याशिवाय केलेला कोणताही हिशेब अंदाजच ठरतो.

स्वतःच्या गाडीचा वार्षिक खर्च

दीड टन माल नेणाऱ्या नव्या गाडीची नोंदणी व करासह किंमत ९ लाख रुपये धरू. त्यांपैकी १,८०,००० रुपये पदरचे आणि ७,२०,००० रुपयांचे कर्ज दरसाल ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे १५,६५० रुपये येतो. पाच वर्षांचे व्याज सुमारे २,१९,००० रुपये होते. पाच वर्षांनंतर गाडी साडेतीन लाखांस विकली जाईल असे मानल्यास, किंमत अधिक व्याज वजा विक्रीमूल्य या हिशेबाने वर्षाला सुमारे १,५४,००० रुपये खर्ची पडतात. विमा व योग्यता प्रमाणपत्र यांसाठी ३६,००० रुपये आणि पदरच्या पैशावर बुडणाऱ्या व्याजाचे १३,००० रुपये त्यात मिळवले, म्हणजे २,०३,००० रुपये होतात. चालकाचा पगार दरमहा १५,००० रुपये धरल्यास वर्षाचे १,८०,००० रुपये होतात. अशा रीतीने गाडी चालो वा उभी राहो, वर्षाला ३,८३,००० रुपये द्यावेच लागतात.

गाडी चालली, की खेपेमागे डिझेलचे ९०० आणि टायर, तेल व दुरुस्तीचे ३०० असे १,२०० रुपये आणखी लागतात. म्हणजे स्वतःच्या गाडीने भाड्याच्या तुलनेत खेपेमागे २,००० रुपये वाचतात. ३,८३,००० रुपयांचा बांधील खर्च या बचतीतून भरून निघण्यासाठी वर्षाला सुमारे १९२ खेपा व्हाव्या लागतात. या व्यवसायाच्या खेपा आहेत १५६. स्वतःच्या गाडीचा एकूण खर्च सुमारे ५,७०,००० रुपये येतो, तर भाड्याचा ४,९९,००० रुपये. गाडी घेतल्यास वर्षाला ७१,००० रुपयांचा तोटा होईल.

मालक किंवा घरातील कोणी स्वतः गाडी चालवणार असेल, तर १०२ खेपांतच गाडी परवडते, हेही खरे. परंतु मालक दिवसभर रस्त्यावर असताना रोपवाटिकेकडे कोण पाहणार, याचे उत्तर आधी द्यावे लागते. त्या जागी माणूस नेमावा लागला, तर वाचलेला पगार पुन्हा तेथेच जातो.

ओस पडलेले महिने

वार्षिक बेरजेत एक गोष्ट दिसून येत नाही. मार्च ते मे या काळात हप्ता, पगार व विमा मिळून दरमहा सुमारे ३३,६५० रुपये, म्हणजे तीन महिन्यांत एक लाखाहून अधिक रुपये द्यावे लागतील. त्याच १६ खेपांचे भाडे ५१,२०० रुपये होते. शिवाय या महिन्यांतच आवकही आटलेली असते. हंगामी व्यवसायातील कर्जाचे हप्ते थकतात, ते बहुधा अशाच महिन्यांत.

हंगामापुरता भाडेकरार

केवळ खेपेच्या भाड्यावर विसंबण्यातही धोका आहे. टोमॅटोची रोपे तीन ते चार आठवड्यांत लागवडीस तयार होतात. त्यानंतर ती वाढून कमकुवत होऊ लागतात. ऐन जुलैत टेम्पो मिळाला नाही, तर माल आणि गिऱ्हाईक दोन्ही हातचे जातात.

यावर मधला मार्ग म्हणजे मासिक भाडेकरार. चालकासह गाडीचे दरमहा ४५,००० रुपये आणि डिझेल आपले, असा करार मिळत असेल, तर महिन्याला २० किंवा अधिक खेपा असताना तो खेपेच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडतो. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांपुरता तो केल्यास २६,००० रुपये वाचतात आणि गाडी खात्रीने दारात उभी राहते. उरलेल्या महिन्यांत खेपेचे भाडे द्यावे. वर्षाचा खर्च सुमारे ४,७३,००० रुपयांवर येतो.

करारात गाडी बिघडल्यास किती तासांत दुसरी मिळेल, महिन्याला किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि मुदतीपूर्वी करार मोडल्यास काय द्यावे लागेल, हे स्पष्ट लिहून घ्यावे. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे व्यावसायिक वापरासाठी नोंदलेली असावी. खाजगी वापराची गाडी भाड्याने घेतल्यास अपघातप्रसंगी विमा कंपनी दावा नाकारू शकते.

करसवलतीचा भ्रम

गाडी घेतल्यास घसाऱ्यामुळे प्राप्तिकर वाचतो, असे विक्रेते सांगतात. मात्र रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न कायद्याने शेती उत्पन्न मानले जाते व त्यावर केंद्राचा प्राप्तिकर नाही. जेथे करच नाही, तेथे घसाऱ्याची वजावट मिळून वाचणार काय? जिवंत रोपांवर वस्तू व सेवा करही नसल्याने गाडीवर भरलेल्या त्या कराचा परतावाही मिळत नाही. करपात्र माल तयार करणाऱ्या नोंदणीकृत उद्योजकास मात्र मालवाहू गाडीवरील या कराची वजावट सर्वसाधारणपणे मिळू शकते. तेथे आकडे बदलतील.

विकत केव्हा घ्यावे?

वरील दर गावोगावी वेगळे असतील. रीत मात्र तीच राहते. वर्षाचा बांधील खर्च काढावा, त्यास खेपेमागील बचतीने भागावे आणि आलेला आकडा वहीतील खेपांशी ताडून पाहावा. रोज सकाळी दूध गोळा करणाऱ्या व्यावसायिकाच्या खेपा ३६५ असतात. तेथे गाडी विकत घेणेच बहुधा हिताचे ठरते. आपल्या रोपवाटिकेच्या खेपा सलग दोन वर्षे १९२ च्या वर गेल्या आणि उन्हाळ्यातील तीन महिन्यांच्या हप्त्यांची रक्कम आधीच बाजूस ठेवता आली, तर बँकेकडे अर्ज करण्यास हरकत नाही. मोकळ्या दिवसांत बाहेरची भाडी मिळवू, या भरवशावर मात्र हा आकडा फुगवू नये. भाड्याची मागणी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून येते, तीही जून-जुलैतच, आणि त्या वेळी आपली गाडी आपल्यालाच हवी असते.