वेटिंग तिकीट कन्फर्म होईल का? अंदाज कसा बांधावा



सुट्टी जवळ आली की स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास निघतो, "वेटिंग तीस आहे, होईल का हो?" उत्तर देणारेही लगेच "होतं की!" किंवा "अजिबात नाही" असं सांगून मोकळे होतात. खरं तर नुसत्या तीस या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. तीस कोणत्या रांगेतला आहे आणि ती रांग किती जागांसाठी लागली आहे, हे आधी बघावं लागतं. आज आपण एकच गाडी घेऊन हे समजून घेऊ.

तिकिटावरचे दोन आकडे

तिकिटावर किंवा पीएनआर तपासल्यावर असं काहीतरी दिसतं: `GNWL 52/WL 31`. यातला पहिला आकडा तिकीट काढलं त्या वेळचा रांगेतला नंबर आहे, तर दुसरा आजचा. म्हणजे तुमच्या पुढचे 21 जण कमी झाले. आपल्याला पुढचा अंदाज बांधायचाय, म्हणून दुसरा आकडा धरायचा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हे नंबर प्रवाशांचे असतात, तिकिटांचे नाहीत. चौघांचं तिकीट असेल तर चार नंबर लागतात, आणि हिशोब शेवटच्या माणसाचा करायचा.

रांग पुढे सरकते कशी? कन्फर्मवाल्याने तिकीट रद्द केलं की ती जागा आरएसीतल्या पहिल्या माणसाला मिळते आणि वेटिंगचा पहिला माणूस आरएसीत येतो. आरएसी म्हणजे साइड लोअर बर्थवर दोघांनी बसून जायचं, पण गाडीत हक्काने चढता येतं. म्हणून वेटिंगवाल्याचं पहिलं ध्येय आरएसी. तुमच्या पुढच्या एखाद्या वेटिंगवाल्याने कंटाळून तिकीट रद्द केलं, तरी तुम्ही एक नंबर पुढे येताच.

रांग कोणती आहे?

नंबराच्या आधीची अक्षरं फार महत्त्वाची.

`GNWL` ही सर्वसाधारण रांग. गाडी जिथून सुटते तिथून (किंवा जवळच्या स्थानकांवरून) लांबपर्यंत जाणाऱ्यांना बहुतेक ही मिळते. हिच्यामागे गाडीतल्या सगळ्यात जास्त जागा असतात.

`RLWL` ही वाटेतल्या ठरावीक मोठ्या स्थानकाची रांग. त्या स्थानकाला थोड्याच जागा दिलेल्या असतात आणि तेवढ्यातलं कुणी रद्द केलं तरच ही रांग हलते.

`PQWL` मध्ये वाटेतल्या अनेक लहान स्थानकांना मिळून एक छोटा साठा असतो. सुरुवातीच्या स्थानकावरून निघून अर्ध्या वाटेत उतरणाऱ्यांनाही बरेचदा हीच रांग लागते.

`TQWL` ही तत्काळची रांग. ती आरएसीत जात नाही. तत्काळमधलंच कुणी रद्द केलं तर थेट कन्फर्म होतं, नाहीतर तिकीट जातं. तत्काळ आदल्या दिवशी निघत असल्याने रद्द करणारेही थोडेच असतात.

शिवाय चार्ट बनताना राखीव कोट्यांतल्या न वापरलेल्या जागा मोकळ्या होतात. त्यांचा फायदा मुख्यतः `GNWL` ला होतो.

एक उदाहरण सोडवू

पुणे ते हावडा जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस घेऊ. ही मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर करत जाते. खालचे जागांचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत.

पहिलं कुटुंब पुण्याहून हावड्याला निघालंय. चौघं, स्लीपर, आजचा नंबर `GNWL` मध्ये 31 ते 34. गाडीला 15 दिवस आहेत. समजा या रांगेमागे 300 बर्थ आहेत आणि इथून पुढे शेकडा 10 जण तिकीट रद्द करतात. म्हणजे 30 जागा सुटल्या. पुढे वेटिंगमध्ये 30 जण आहेत, त्यातले समजा 5 जण दुसरी गाडी बघतात. एकूण रांग 35 ने सरकली. शेवटचा नंबर 34, म्हणजे चौघंही आरएसीत आले, पण अगदी काठावर. चार्टच्या वेळी कोट्यातल्या काही जागा सुटल्या तर जरा सैल होईल. रद्द करणारे शेकडा 10 ऐवजी 8 निघाले तर 24 अधिक 5, म्हणजे 29. मग चौघांपैकी एकही आरएसीत येत नाही!

दुसरं कुटुंब भुसावळहून हावड्याला जाणार. समजा स्क्रीनवर आलं `RLWL` 9. ऐकायला किती छान, फक्त नऊ! पण समजा भुसावळच्या वाट्याला 20 बर्थ आहेत. त्याचे शेकडा 10 म्हणजे 2. पुढच्या आठांतले दोघं निघून गेले तरी रांग 4 ने सरकेल आणि हे पोचतील 5 वर. तिकीट होणार नाही असंच धरावं.

म्हणजे 34 ला थोडीफार आशा आहे आणि 9 ला जवळपास नाही. मुलांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. "शंभरातले दहा आणि विसातले दहा टक्के सारखे नसतात" हे त्यांना पटकन कळतं.

शेकडा किती धरायचे?

हा आकडा दिवसावर आणि मार्गावर ठरतो. एरवीच्या दिवसांत, विशेषतः त्याच मार्गावर बऱ्याच गाड्या असतील तर, लोक बेत बदलतात आणि तिकिटं सुटतात. दिवाळीच्या तोंडावर किंवा गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीत कन्फर्म तिकीट सहसा कुणी सोडत नाही. अशा वेळी नेहमीच्या निम्म्याने धरा.

फर्स्ट एसी किंवा सेकंड एसीमध्ये डबे कमी, म्हणून जागाही कमी. तिथे लहान वेटिंगही अडकून बसतं.

स्वतःच अंदाज घ्यायचा तर रोज ठरलेल्या वेळी नंबर वहीत लिहा. मात्र सरळ भागाकार करू नका. पहिल्या 30 दिवसांत 21 नंबर सरकले म्हणून पुढच्या 15 दिवसांत साडेदहाच सरकतील असं नसतं. प्रवासाची तारीख जवळ आली की लोक निर्णय घेतात, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन दिवसांत रांग जोरात हलते. त्या दिवसांतही नंबर जागचा हलला नाही, तर दुसरी सोय बघायला लागा. तिकीट काढताना साइटवर कन्फर्म होण्याची टक्केवारी दिसते. ती मागच्या अनुभवावर काढलेली असते, त्यामुळे अचानक गर्दी झाली की चुकू शकते.

मग भुसावळवाल्यांनी काय करावं?

त्यांनी पुणे ते हावडा तिकिटाची उपलब्धता बघावी. तिथे `GNWL` चा बरा नंबर असेल तर पुण्यापासूनचं तिकीट काढून, बुकिंग करतानाच बोर्डिंग स्टेशन भुसावळ निवडता येतं. भाडं पूर्ण अंतराचं लागतं, पण रांग मोठ्या साठ्याची मिळते. बोर्डिंग न बदलता भुसावळला चढायचं म्हटलं, तर टीसी तुम्हाला गैरहजर धरून जागा दुसऱ्याला देऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

आणि शेवटचं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. पण तसं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही. म्हणून लग्न, परीक्षा किंवा मुलाखत अशी तारीख न हलणारी असेल, तर काठावरच्या नंबरावर विसंबू नका. तत्काळची वेळ (एसीला आदल्या दिवशी सकाळी 10, स्लीपरला 11) किंवा बसची सोय आधीच बघून ठेवा.