डेंग्यूनंतर नजरेच्या मधोमध धूसर दिसणे : कारण, तपासणी आणि सुधारणा

छत्रपती संभाजीनगरमध्ये नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून घरोघरी ड्रम आणि टाक्या भरलेल्या असतात. डेंग्यूचे डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर रुग्ण वाढतात, तेव्हा त्यांतील काहींना ताप उतरल्यावर एक वेगळाच त्रास जाणवतो. समोर पाहताना नेमके मधलेच दिसत नाही.

नेमके काय होते?

डोळ्याच्या आतील पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला हा लहानसा भाग असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे अशी बारीक नजरेची कामे त्याच्यामुळे होतात. डेंग्यूमध्ये या भागातील बारीक रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्यातून पाणी झिरपू शकते, किंवा रक्ताचे लहान ठिपके पडू शकतात. कधी अगदी केंद्रबिंदूवरच सूज येते. बाजूचा पडदा चांगला राहतो, त्यामुळे कडेचे व्यवस्थित दिसते आणि मधोमध डाग येतो.

प्लेटलेट कमी झाल्याने रक्तस्राव सोपा होतो, पण तेवढेच कारण नाही. विषाणूविरुद्ध शरीराची जी प्रतिकारशक्ती जागी होते, तिच्यामुळेही ही सूज येते असे मानले जाते. म्हणून प्लेटलेट वाढल्या की नजर त्याच दिवशी सुधारेल, असे नसते.

कधी आणि कसे लक्षात येते?

हा त्रास बहुधा ताप सुरू झाल्यापासून सुमारे आठवडाभराने, प्लेटलेट सर्वांत खाली असतात त्या सुमारास सुरू होतो. एक नेहमीसारखे उदाहरण घेऊ. तिशीतल्या एका रुग्णाचा ताप पाचव्या दिवशी उतरला. सातव्या दिवशी प्लेटलेट ४० हजार होत्या. आठव्या दिवशी मोबाइल वाचताना शब्दाची मधली अक्षरे गायब वाटू लागली. डोळा लाल नाही, दुखत नाही. घरच्यांना वाटले, अशक्तपणा असेल. चष्मा पुसूनही फरक पडेना. एकेक डोळा झाकून पाहिल्यावर कळले, की उजव्या डोळ्यात डाग ठळक आहे आणि डाव्यात अगदी पुसट.

ही तपासणी तुम्हीही करू शकता. गणिताच्या चौकटीच्या वहीत एका पानाच्या मधोमध ठिपका काढा. वाचायचा चष्मा असेल तर तो लावा. पान ३० सेंटिमीटरवर धरून एक डोळा झाका आणि ठिपक्याकडे पाहा. मग दुसऱ्या डोळ्याने पाहा. रेषा वाकड्या, तुटलेल्या किंवा पुसट दिसल्या तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. रेषा सरळ दिसूनही धूसरपणा वाटत असेल, तरी तपासणी टाळू नका.

डॉक्टर काय तपासतात?

आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांना टॉर्चने हा बिघाड दिसत नाही. नेत्रतज्ज्ञ थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पडदा पाहतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते, म्हणून गाडी चालवत जाऊ नका. ओसीटी या तपासणीत पडद्याच्या थरांचे चित्र निघते. त्याला काही मिनिटे लागतात आणि दुखत नाही. सूज पसरलेली आहे की केंद्रबिंदूवरच आहे, हे त्यात कळते. डेंग्यूचे रिपोर्ट आणि प्लेटलेटचे तारीखवार आकडे सोबत न्या. मधुमेह असल्यास आवर्जून सांगा, कारण त्यामुळेही मॅक्युलाला सूज येते.

उपचार आणि सुधारणा

सौम्य त्रासात अनेकदा फक्त लक्ष ठेवले जाते. नजर बरीच कमी झाली असेल किंवा सूज जास्त असेल, तर नेत्रतज्ज्ञ स्टेरॉइड देण्याचा विचार करतात. मात्र त्याने नक्की किती फायदा होतो, याचा भक्कम पुरावा नाही. बरेच रुग्ण त्याशिवायही सुधारतात. त्यामुळे दुकानातून स्वतःहून स्टेरॉइड घेऊ नका. डेंग्यूत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्याही टाळा, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

बहुतेकांची नजर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरीच परत येते. तक्त्यावरची अक्षरे आधी वाचता येऊ लागतात, मधला डाग मात्र हळूहळू पुसट होतो. केंद्रबिंदूवरच सूज असेल तर तो डाग जास्त काळ टिकतो, आणि तक्त्यावर नजर ६/६ आली तरी काहींना बारीक डाग कायम जाणवतो. तोवर आठवड्यातून एकदा तीच चौकटीची वही वापरा आणि दिसणारा डाग पेन्सिलीने काढून तारीख लिहा. तो लहान होत गेला तर सुधारणा चालू आहे. मोठा झाला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

ताबडतोब कधी जावे?

नजर अचानक जवळपास पूर्ण गेली, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटले किंवा डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला, तर त्याच वेळी घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्र रुग्णालयात जा. नजरेच्या त्रासासोबत पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा गुंगी असेल, तर आधी डेंग्यूसाठी रुग्णालयात दाखल व्हा. डोळ्यांची तपासणी तिथूनच होईल.